कापडाखालची बोटं

मी केलेल्या बोर्ड गेमबद्दल एका प्रकाशकाला लिहिलेल्या ईमेलचं उत्तर एका ओळीचं आलं होतं. ‘विषय वेगळा आहे, पण यात खेळाडू नेमकं काय करतात?’ खाली सही, तीही नुसत्या आद्याक्षरांची. मी बँकेतून घरी येताना बसमध्ये ते वाचलं आणि मोबाइल पर्समध्ये टाकला. दोन थांबे गेल्यावर परत काढून वाचलं. पहिली भावना सरळ रागाची होती. नऊशे शब्दांची ईमेल लिहिली होती मी. चार रविवार त्यात गेले होते. चाकणचा बैलबाजार, माझे आजोबा म्हणजे आबा, बैलांचा व्यापार करणारे हेडी, दलाल, धुळीत उभ्या बैलांच्या शिंगांना लावलेला रंग, सगळं त्यात होतं. आणि हा माणूस विचारतोय, खेळाडू करतात काय? घरी आल्यावर चहा ठेवला आणि स्वतःचीच ईमेल पुन्हा उघडून, त्याच्या जागी बसून वाचायचा प्रयत्न केला. पहिल्या परिच्छेदात उत्तर नव्हतं. दुसऱ्यात नव्हतं. तिसऱ्यात मी बैलांचे दात मोजत होते. चौथ्या परिच्छेदाच्या शेवटी एक वाक्य होतं: ‘सौदा कापडाखाली, बोटांनी होतो.’ त्याच्या पुढच्याच वाक्यात मी पुन्हा आबांकडे वळले होते.

चहा उतू गेला तो तेव्हाच.

बाजारातला हा सौदा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर उपरणं किंवा टॉवेल टाकतात आणि आत एकमेकांची बोटं धरतात. किती बोटं धरली, कशी दाबली, त्यावर भाव ठरतो. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असतात, पण आकडा फक्त दोघांना कळतो. तोंडानं चालू असतं ते भलतंच, पाऊस कधी पडेल, पोरीचं लग्न कुठं ठरलं. मी नऊ वर्षांची असताना आबा मला एकदाच शनिवारच्या बाजारात घेऊन गेले. मुलींना तिकडं कुणी नेत नसे. पण त्या दिवशी आई आजारी होती आणि मी कुणाकडे राहायला तयार नव्हते. मला शेणाचा आणि ओल्या पेंढीचा वास आठवतो. बैलाचा ओठ वर करून आबांनी दाखवलेले दात आठवतात. ‘हा चार दाती, अजून अंगात येईल, आणि तो बघ, जुळला, आता नवं काही नाही त्यात.’ परतताना जीपमध्ये त्यांनी माझा हात आपल्या धोतराच्या सोग्याखाली घेतला आणि तीन बोटं धरली. ‘किती?’ ‘तीन.’ मग तीन बोटं धरून वरून अंगठा दाबला. ‘आता?’ मला कळलं नाही. ‘आठ. अंगठा म्हणजे वरचे पाच.’ गावागावाची, दलाला-दलालाची खूण वेगळी असते म्हणतात. आबांची ही होती. त्यांचा अंगठा खरखरीत होता आणि दाबताना नख जरा टोचायचं.

खेळ करायचं सुचलं ते याच आठवणीतून, आबा गेल्यानंतर दोन वर्षांनी. नाव ठेवलं ‘रुमाल’. पहिली प्रत म्हणजे पत्त्यांच्या एका जुन्या कॅटवर चिकटवलेले कागद, भावाच्या कॅरमच्या सोंगट्या आणि स्वयंपाकघरातलं हात पुसायचं फडकं. नियम साधा होता. एकजण बैल विकायला काढतो, दुसरा घेतो, दोघं कापडाखाली बोटांनी भाव ठरवतात. एक बोट म्हणजे एक हजार, अंगठ्यानं वर पाच, म्हणजे एक ते दहा हजारांपर्यंतचा कुठलाही भाव एका पकडीत सांगता येतो. समोरच्याचा भाव मान्य असेल तर तीच पकड तशीच परत करायची, नसेल तर आपली पकड द्यायची. बोलायचं नाही. विकणाऱ्याच्या पत्त्यावर बैलाचा खरा दाम लिहिलेला, तो त्यालाच माहीत. घेणाऱ्याच्या गोठ्यात आधीच एक बैल झाकून ठेवलेला, त्याच्याशी हा नवा बैल जोडीला लागतो की नाही हे फक्त त्याला माहीत. जोडी लागली तर शेवटी दोन्ही बैलांचा दाम दुप्पट. म्हणून घेणाऱ्याला थोडं जास्त मोजणं परवडतं, आणि विकणाऱ्याला ते ओळखायचं असतं.

पहिल्या दहा-बारा डावांत दोनच माणसं खेळत होती, बाकीचे मोबाइल बघत होते. हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला, कारण मी स्वतः कायम कापडाखालच्या दोघांकडेच बघत असायचे. एका रविवारी माझ्या भाचीनं, रेवानं, कंटाळून पैज लावली, ‘आत्या सात हजारांना फसणार बघ.’ आणि टेबलाभोवतीचे सगळे एकदम वाकून माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागले. माझे कान गरम झाल्याचं मला आठवतंय. त्या दिवसापासून बघणाऱ्यांना काम मिळालं: सौदा चालू असताना भाव किती ठरतोय यावर सोंगटी लावायची. कापडाखाली काय चाललंय ते त्यांना दिसत नाही. दिसतो फक्त घसा खाकरणं, भुवई, किंवा अति शांत चेहरा. खेळ तेव्हा उभा राहिला.

आणि ही गोष्ट माझ्या ईमेलमध्ये सातव्या परिच्छेदात होती.

एका ओळीच्या त्या उत्तराला मी लगेच उत्तर दिलं नाही. हे एक बरं केलं. महिनाभर मी एकच काम केलं: नवीन माणूस घरी आला की त्याला खेळाबद्दल एका वाक्यात सांगायचं आणि त्याचा चेहरा बघायचा. ‘आमच्याकडच्या बैलबाजारावर आधारित खेळ आहे’ म्हटलं की लोक मान हलवायचे, चांगलं आहे म्हणायचे आणि विषय बदलायचे. ‘भावाची घासाघीस करायचा खेळ आहे’ म्हटलं की विचारायचे, म्हणजे व्यापारसारखा? एकदा आमच्या शेजारच्या काकू दार उघडं दिसलं म्हणून आत आल्या आणि टेबलावरचं फडकं बघून म्हणाल्या, हे काय? मी म्हटलं, ‘दोघांनी याच्याखाली हात धरून न बोलता भाव ठरवायचा आणि बाकीच्यांनी तोंडं बघून तो ओळखायचा.’ काकूंनी पिशवी खाली ठेवली आणि फडक्याखाली हात घातला. एवढंच. नियम विचारले नाहीत, किती जण खेळतात हे विचारलं नाही. त्या रात्री मी ते वाक्य कागदावर लिहून ठेवलं, आणि पुढं त्यात फार काही बदललं नाही.

ज्याला प्रकाशक लोक हुक म्हणतात तो कसा असतो हे मला तोपर्यंत उलटं माहीत होतं. मला वाटायचं हुक म्हणजे विषयाचा वेगळेपणा, बैलबाजार, महाराष्ट्र, लुप्त होत चाललेली रीत. पण जगात कुठल्याही प्रकाशकाकडे विषय रोज येतात. कुणी समुद्री चाचे आणतो, कुणी मधमाशा, कुणी मंगळ. विषय काढून टाकला तरी जी गोष्ट उरते, जी दुसऱ्या खेळात केलेली त्यानं पाहिलेली नसते, ती हुक. ‘रुमाल’मधून बैल काढा, आंबे ठेवा, गालिचे ठेवा, हात कापडाखालीच राहतात. हे स्वतःशी कबूल करणं मला जड गेलं. बैल आणि आबा यांच्यासाठीच तर मी हे करत होते. पण प्रकाशकाला विषय बदलायचाही अधिकार असतो, आणि तो बरेचदा बदलतोही. त्याला बोट धरून पहिल्यांदा घरात न्यायचं तर ज्या दारातून न्यायचं ते दार बोटांचंच होतं.

दुसऱ्या ईमेलला तीन आठवडे लागले. ती सगळी दीडशे-दोनशे शब्दांची आहे. मूळ इंग्रजीत लिहिली, इथं शेवटची भर घालण्याआधी होती तशी मराठीत देते, कारण तिच्यातलं प्रत्येक वाक्य का आहे हे मला सांगायचंय.

‘विषय: रुमाल – ३ ते ५ खेळाडू, ३० मिनिटं, स्पर्शानं सौदा करण्याचा पार्टी-खेळ

नमस्कार. तुम्ही विचारलं होतं की खेळाडू काय करतात. दोन खेळाडू एका कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून, एक शब्दही न बोलता, बैलाचा भाव ठरवतात. बाकीचे फक्त त्यांचे चेहरे बघून भाव किती ठरला यावर पैज लावतात.

प्रत्येक सौद्याला वाळूच्या घड्याळाचा अर्धा मिनिट. वेळ संपली की दोघं आपापला आकडा एकदम उघडतात. आकडे जुळले तर सौदा होतो, नाही जुळले तर दोघांचाही विसार बुडतो. विकणाऱ्याला बैलाचा खरा दाम माहीत असतो, घेणाऱ्याला त्याची जोडी लागते की नाही ते. प्रत्येकजण दोनदा विकतो, मग ज्याच्याकडे सर्वात जास्त पैसे तो जिंकतो.

वय १० पासून. साहित्य: ५४ पत्ते, ४० लाकडी सोंगट्या, १ वाळूचं घड्याळ, १ जाड कापड. तुमच्या छोट्या पेटीच्या मालिकेत बसेल असं वाटतं. ६३ डाव खेळून झाले आहेत, त्यातले ११ मी शेजारी नसताना, फक्त लेखी नियमांवरून. अनोळखी माणसांचा स्पर्श काहींना नको असतो, त्यांच्यासाठी काड्यांनी खेळायचा पर्याय नियमांत दिला आहे.

सोबत दोन मिनिटांचा व्हिडिओ, चार पानी नियम आणि एकपानी माहितीपत्रक यांचे दुवे. सध्या हा खेळ दुसऱ्या कुणाकडे पाठवलेला नाही. प्रत पाठवू का?’

विषयाची ओळ पहिल्या वेळी ‘माझा पहिला बोर्ड गेम’ अशी होती. त्यातून त्याला कळत होतं ते फक्त माझ्याबद्दल, खेळाबद्दल नाही. खेळाडूंची संख्या आणि वेळ तिथेच दिली की त्याला न उघडताही कळतं, हे आपल्या कामाचं आहे की नाही. जी कंपनी दोन-दोन तासांचे कारखाने चालवायचे खेळ काढते तिला तीस मिनिटांचा पार्टी-खेळ पाठवण्यात दोघांचाही वेळ जातो. मी पहिल्या फेरीत तेच केलं होतं. एका दिवसात सात कंपन्यांना एकच मजकूर. त्यातल्या दोघांनी संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलं होतं की सध्या नवे खेळ बघत नाही, आणि एकांचा वेगळा फॉर्म होता. ते मी वाचलंच नव्हतं. उत्तर दिलं ते एकाच माणसानं, आणि त्याच्या कंपनीच्या खेळांच्या यादीत सगळ्या पेट्या हातात मावतील एवढ्या होत्या. ‘तुमच्या छोट्या पेटीच्या मालिकेत’ हे चार शब्द लिहिण्यासाठी मी त्यांचे तीन खेळ मागवून घरी खेळले.

साहित्याची यादी का, हेही मला उशिरा कळलं. मला ती कोरडी वाटायची. पण प्रकाशक वाचता वाचता पेटीची किंमत मांडत असतो. पत्त्यांची गड्डी छापायला सोपी, लाकडी सोंगट्या नेहमीच्या, वाळूचं घड्याळ बाजारात तयार मिळतं. वेगळं काय, तर कापड. त्याला लगेच प्रश्न पडणार, कसलं, किती मोठं, कुठं शिवायचं. माझ्या पहिल्या यादीत ‘रुमाल १’ एवढंच होतं. लक्ष्मी रोडवरून आणलेले पातळ सुती रुमाल मी वापरायचे आणि संध्याकाळी दिव्याखाली खेळताना कुणीतरी ओरडलं, अगं, सगळं दिसतंय! बोटांची सावली कापडातून आरपार दिसत होती. मग जाड पंचा आणला, तो फार मोठा झाला, कोपरापर्यंत झाकायचा आणि उन्हाळ्यात हात घामेजायचे. शेवटी दीड फुटाचा चौकोन ठरला, दुहेरी शिवलेला. म्हणून ईमेलमध्ये ‘जाड’ हा शब्द आहे.

त्रेसष्ट डावांपेक्षा मला त्या अकरा डावांचा जास्त आधार वाटतो. माणसं घरी बोलावून खेळवली की मी नियम सांगते, चुकलं की सुधारते, हसून वेळ मारून नेते. तिथं जे सुरळीत चालतं त्यातलं निम्मं माझ्यामुळं चाललेलं असतं आणि मी काही पेटीतून बाहेर येणार नाही. म्हणून ओळखीच्या एका मुलाच्या वसतिगृहात पेटी दिली, नियमांचे कागद दिले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर तोंड मिटून बसले. ते चार तरुण पहिल्या मिनिटापासून मोठ्यानं बोलून भाव करत होते. ‘अरे पाच दे की!’ मी खुर्चीचा दांडा धरून बसले होते. ‘बोलायचं नाही’ हा नियम मी तिसऱ्या पानावर लिहिला होता, कारण मला तो इतका उघड वाटत होता. मग दुसरी गोष्ट झाली. एकानं तीन बोटं धरली, दुसऱ्यानं चार, पहिल्याला वाटलं मान्य झालं, दुसऱ्याला वाटलं अजून चालू आहे. आकडे जुळले नाहीत आणि दोघं भांडले. तीच पकड परत केली म्हणजे मान्य, हे माझ्या नियमांच्या कागदात लिहिलेलंच नव्हतं. ते माझ्या हातात होतं, आबांच्या हातातून आलेलं. कागदावर उतरवायचं राहून गेलं होतं.

‘घरच्या सगळ्यांना खूप आवडला’ हे वाक्य मी तेव्हा ईमेलमधून काढलं. ते खोटं नव्हतं. पण त्यातून त्याला काहीच कळणार नव्हतं.

अडचण स्वतःहून सांगावी की नाही यावर माझं आणि नवऱ्याचं वाजलं. तो म्हणाला, तुझाच माल आणि तूच खोट दाखवणार? मी म्हटलं, बैलाचा दात बघायला आलेला माणूस तोंड उघडणारच आहे. स्पर्श हा या खेळाचा जीव आहे आणि तीच त्याची मर्यादाही आहे. ऑफिसातल्या पार्टीत, अनोळखी माणसांत, कुणाला दुसऱ्याचा हात धरायला अवघडतं, आणि ते त्यांचं बरोबर आहे. ज्या डावांत मी पहिल्यांदा नवीन लोक बसवले त्यात एक मुलगी सौदा करायची पाळी आली की पाणी प्यायला उठायची. तिसऱ्यांदा उठली तेव्हा मला कळलं. मग काड्यांचा पर्याय काढला. कापडाखाली दोघांच्या मध्ये काड्यांची जुडी ठेवायची, हव्या तेवढ्या समोरच्याकडे सरकवायच्या, आडवी काडी म्हणजे पाच. तेवढी मजा येत नाही, हे खरं सांगायला हवं. पण ती मुलगी पुढच्या डावात जिंकली. प्रकाशकाला हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत पडणार होता, आणि त्याला तो पडायच्या आधी मला पडलाय हे त्याला दिसणं मला आवश्यक वाटलं.

व्हिडिओचीही अशीच गोष्ट. बरेच रचनाकार आपला खेळ संगणकावरच्या आभासी टेबलावर मांडून पाठवतात, प्रकाशक तिकडे बसून खेळून बघतो. माझा खेळ तसा मांडताच येत नाही. पडद्यावर बोट दाबता येत नाही. तेव्हा तो दोन मिनिटांचा व्हिडिओ हीच त्याची खेळाशी पहिली भेट असणार होती. पहिल्यांदा मी त्यात स्वतः बोलत होते, दीड मिनिट. मग रेवानं सांगितलं, आत्या, तू गप्प बस, तोंडं दाखव. आताच्या व्हिडिओत पहिल्या दहा सेकंदांत दोन हात कापडाखाली जातात आणि कॅमेरा वर चेहऱ्यांवर येतो. एक जण ओठ चावतो. बाकीच्यांच्या सोंगट्या टेबलावर पडायला लागतात. नियम त्यानंतर येतात.

चित्रांवर खर्च केलेले अठरा हजार मात्र माझ्या मनाला आजही लागतात. पाठवण्याआधी मी एका चित्रकाराकडून खिल्लार बैलांची चोवीस चित्रं काढून घेतली होती, सुंदर आहेत ती. पण प्रकाशक खेळ घेतो तेव्हा चित्रं तो आपल्या चित्रकाराकडून करून घेतो, प्रतीवर आकडे स्वच्छ वाचता आले की त्याचं भागतं. ते पैसे जाड कापडाला, जास्तीच्या प्रतींना आणि टपालाला गेले असते. आणि परतावा काय, तर रचनाकाराला सहसा घाऊक विक्रीच्या पाच ते आठ टक्क्यांच्या आसपास मिळतं. छोट्या पेटीचा हिशेब मांडला तर अठरा हजार परत यायलाच बऱ्याच पेट्या खपाव्या लागतील. चित्रकाराला दिलेल्या पैशाचं मला वाईट वाटत नाही. घाईचं वाटतं.

आणखी एक वाक्य पहिल्या ईमेलमध्ये होतं, ज्याची मला आता लाज वाटते. ‘नियम पाठवण्याआधी गोपनीयतेच्या करारावर सही करावी ही विनंती.’ कुणीतरी सांगितलं होतं की कल्पना चोरतात. खेळाच्या कल्पनेला कॉपीराइट नसतो, लिहिलेल्या नियमांच्या मजकुराला आणि चित्रांना असतो. म्हणून तर भीती वाटली. पण प्रकाशकाकडे वर्षभर प्रती येत असतात, त्यात एकसारखे दोन खेळ येऊ शकतात, तो अनोळखी माणसासाठी असल्या कागदावर सही करून स्वतःचे हात बांधून घेत नाही. त्याच्यासाठी पुढचा खेळ उघडणं सोपं असतं. मला नंतर १९८८ मधली न्यूरेंबर्गच्या खेळणी-मेळ्यातली गोष्ट कळली. तिथं काही रचनाकारांनी बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात त्या पुठ्ठ्याच्या चकतीवर लिहून सह्या केल्या, की पेटीवर आमचं नाव छापणार नसाल तर आम्ही खेळ देणार नाही. जर्मनीत रचनाकाराला लेखकच म्हणतात. त्या माणसांनी कल्पना लपवायची अट घातली नव्हती, नाव लावायची घातली होती. हे मला फार पटलं.

नावाचं मनात आलं आणि बाबांचा फोन आठवला.

ईमेल पाठवायच्या आदल्या रात्री मी ती बाबांना फोनवर वाचून दाखवली, मराठीत करून. ते गावी असतात, गोठा आता रिकामा आहे, तिथं ट्रॅक्टर लागतो. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, चांगलं आहे, आटोपशीर आहे. मग थोड्या वेळानं, ‘आबा कुठं नाहीत गं यात.’ मी समजवायला लागले, बाबा, त्याला आधी खेळ कळायला हवा, मग बाकीचं. आबा नियमांच्या शेवटच्या पानावर आहेत, तिथं मी चार ओळी लिहिल्यात, त्यांचं नाव आहे, गावाचं आहे. बाबा हं म्हणाले. ते हं मला कळलं. मी तीन आठवडे एकेक वाक्य कापत आले होते आणि प्रत्येक वेळी त्यात आबा होते. शिंगांचा रंग गेला, शेणाचा वास गेला, सोगा गेला. ईमेल सुधारत गेली आणि मला ती रात्री वाचवेना.

मी म्हटलं, घालू का एक वाक्य? वर नाही, शेवटी?

‘नको,’ बाबा म्हणाले. ‘सौद्यात घरच्या गोष्टी तोंडानं बोलायच्या असतात. भाव बोटांनीच सांगायचा.’ आणि मग, ‘पण ते अंगठ्याचं तू चुकीचं केलंयस. आबा अंगठा आधी दाबायचे, बोटं नंतर. आधी मोठा आकडा, मग सुट्टे. तुला लहानपणी उलटं कळलं असेल.’

मी रेवाला उठवलं. रात्रीचे साडेदहा वाजले होते. आम्ही दोघींनी कापडाखाली हात घालून करून बघितलं. अंगठा आधी आला की समोरच्याला लगेच कळतं, आकडा पाचाच्या वर आहे, आणि चेहरा त्याच क्षणी बदलतो. बोटं येईपर्यंत तो सावरायला बघतो आणि बघणाऱ्यांना तेवढा एक क्षण मिळतो. वसतिगृहातल्या मुलांपासून काकूंपर्यंत त्रेसष्ट डाव मी उलट्या क्रमानं खेळवले होते. नियमांची पहिली दोन पानं त्या रात्री पुन्हा लिहिली, व्हिडिओचा तो भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला, आणि ईमेल तीन दिवस उशिरा गेली. आकडा मी बदलला नाही. त्रेसष्टच ठेवला आणि त्यापुढे लिहिलं, शेवटचा बदल या आठवड्यात केला आहे, त्यानंतरचे डाव चार.

उत्तर सात आठवड्यांनी आलं. तोपर्यंत मी रोज ईमेल उघडायची सोडली होती. याही वेळी उत्तर छोटंच होतं. व्हिडिओ त्यांनी ऑफिसात चौघांना दाखवला, दोघांनी लगेच टेबलावरचा नॅपकिन घेऊन करून बघितलं. काड्यांच्या पर्यायाबद्दल शंका आहे. पाच खेळाडूंत एक डाव लांबतो का, हे बघायचंय. प्रत पाठवा. घेऊ असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही, आणि अशा प्रती महिनोन्‌महिने कपाटात राहतात हे मला आता माहीत आहे.

काल संध्याकाळी पार्सल बांधलं. पत्ते, सोंगट्या, घड्याळ, नियमांची नवी प्रत. कापड सगळ्यात वर ठेवलं, पेटी उघडली की आधी हाताला तेच लागावं म्हणून. कुरियरच्या फॉर्मवर वस्तूंचं वर्णन लिहायचं होतं. मी लिहिलं: पत्ते ५४, लाकडी सोंगट्या ४०, वाळूचं घड्याळ १, कापड १. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, कापड म्हणजे कसलं, नवीन का वापरलेलं? बाबांनी गावाहून आबांचं उपरणं पाठवलं होतं, त्यातलाच दीड फुटाचा तुकडा मी दुहेरी करून शिवला होता.

वापरलेलं, मी म्हटलं.